बासष्ट मेल, शून्य उत्तरं: प्रोफेसरांना लिहिलेला एक मेल पुन्हा लिहिताना

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आजच्या भागात आपण फक्त एक मेल घेणार आहोत. एका मुलीने प्रोफेसरांना उन्हाळी रिसर्च इंटर्नशिपसाठी लिहिलेला मेल. तो आधी कसा होता, मध्ये कसा बिघडला आणि शेवटी काय होऊन गेला, एवढंच. तिची परवानगी घेतली आहे. नाव आणि कॉलेज मात्र सांगत नाही.

आधी माझा या सगळ्याशी संबंध काय ते सांगते. मी एका संशोधन संस्थेत प्रोजेक्टवर काम करते. आमच्या मॅडमना इंटर्नशिपचे जे मेल येतात, ते आधी माझ्याकडे येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तर रोज येतात. मी ते चहाच्या कपासोबत, मोबाइलवर, स्क्रोल करत वाचते. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण वस्तुस्थिती तीच आहे. तुमच्या मेलचं पहिलं वाचन बहुतेक वेळा असंच होणार आहे. मोबाइलच्या स्क्रीनवर स्क्रोल न करता जेवढं दिसतं, तेवढ्यावर पुढे वाचायचं की नाही हे ठरतं.

तर ही मुलगी सांगली जिल्ह्यातली, जत तालुक्यातल्या एका गावातली. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. माझ्या मावसबहिणीची मैत्रीण. डिसेंबरात तिचा फोन आला.

"ताई, बासष्ट मेल पाठवले. एकाचंही उत्तर नाही. पप्पा म्हणतात, सात हजार भरून ती सर्टिफिकेटवाली इंटर्नशिप कर. रविवारपर्यंत पैसे भरायचेत."

तुमच्यापैकी अनेकांना अशा इंटर्नशिप माहीत असतील. फी भरायची, काही व्हिडिओ बघायचे, सर्टिफिकेट मिळतं. तिला पुढे एमटेक करायचं होतं. शेवटच्या वर्षाआधी तिच्या हातात एकच उन्हाळा होता. त्या उन्हाळ्यात कुणा संशोधकाबरोबर खरं काम केलं, तर पुढे शिफारसपत्र देणारं कुणीतरी असणार होतं. मी म्हटलं, "रविवारपर्यंत वेळ आहे ना? पैसे भरू नकोस अजून. तो मेल मला पाठव."

पहिला मेल

मूळ मेल इंग्रजीत होता. ऐकायला सोपं जावं म्हणून मी मराठीत सांगते. तुम्ही अर्थातच इंग्रजीत लिहाल.

सब्जेक्टमध्ये होतं: "इंटर्नशिपसाठी विनंती". मग सुरुवात:

"रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय होप धिस मेल फाइंड्स यू वेल. मी अमुक कॉलेजची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. मला लहानपणापासून संशोधनाची अतिशय आवड आहे. मी मेहनती, प्रामाणिक आणि लवकर शिकणारी आहे. आपल्या नामांकित संस्थेत, आपल्यासारख्या थोर मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करणं हे माझं स्वप्न आहे. आपलं संशोधन क्षेत्र माझ्या आवडीशी तंतोतंत जुळतं. मी कोणत्याही विषयावर काम करायला तयार आहे…"

असं तीनशेहून जास्त शब्द. पुढे दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, प्रत्येक सेमिस्टरचे गुण, निबंध स्पर्धेतलं दुसरं बक्षीस. शेवटी तीन पानी सीव्ही जोडलेला.

मी तिला विचारलं, "हा बासष्ट जणांना जसाच्या तसा गेला?"

"हो. नाव बदलायचं राहील म्हणून सर/मॅडम ठेवलं."

तिने बासष्ट प्रोफेसर निवडले तरी कसे, तर चार संस्थांच्या सिव्हिल विभागांची पानं उघडून सगळे पत्ते उतरवले होते. त्यात काँक्रीटवाले होते, रस्ते-वाहतूकवाले होते, भूकंपवाले होते. आता या सगळ्यांना जर ती लिहीत असेल की तुमचं क्षेत्र माझ्या आवडीशी तंतोतंत जुळतं, तर ते वाक्य कुणाहीसाठी खरं राहत नाही. आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. कसं कळतं? कारण मेलमध्ये एकही गोष्ट अशी नसते, जी फक्त त्याच माणसाला लिहिता आली असती. "कोणत्याही विषयावर काम करायला तयार" हे तिला नम्रपणाचं वाटत होतं. पण वाचणाऱ्यासाठी त्याचा अर्थ असा की, हिच्यासाठी काम शोधायचं, आखायचं आणि शिकवायचं हे सगळं आता मला करावं लागणार.

दुसरा मेल, म्हणजे खोटा नेमकेपणा

मी तिला सांगितलं, बासष्टची यादी बाजूला ठेव. तुला खरंच कशात काम करायचंय ते ठरव आणि पाच नावं काढ. ती म्हणाली, पाणी. भूजल. ठीक. तिने पाच जण शोधले आणि त्यांच्यापैकी एका मॅडमसाठी नवा मेल लिहून पाठवला. त्यातला मधला भाग असा:

"बसाल्ट खडकाच्या प्रदेशातील भूजल पुनर्भरणावरचा आपला पेपर मी वाचला. तो मला अत्यंत प्रेरणादायी वाटला. पाणीपातळीतील चढ-उतारांवरून पुनर्भरणाचा अंदाज घेण्याची आपली पद्धत फारच नावीन्यपूर्ण आहे."

पहिल्यापेक्षा बरा वाटतो ना? विषय आला, पेपर आला. पण इथे बरेच जण फसतात. मी तिला विचारलं, "पेपर वाचलास?"

गप्प. मग म्हणाली, "ॲबस्ट्रॅक्ट वाचला, ताई."

ते दिसतच होतं. मी एक चाचणी वापरते, तुम्हीही वापरून बघा. मेलमधलं प्रत्येक वाक्य घ्या आणि विचारा, की फक्त पेपरचं शीर्षक वाचून मला हे लिहिता आलं असतं का? लिहिता आलं असतं, तर ते वाक्य काढा. तिची तिन्ही वाक्यं या चाचणीत पडली. त्यात एक मोठी चूकही निघाली. पाणीपातळीच्या चढ-उतारावरून पुनर्भरण काढणं ही पद्धत त्या मॅडमची नाहीच. ती भारतात कितीतरी वर्षं सरकारी पातळीवर वापरली जाते. म्हणजे "नावीन्यपूर्ण" म्हणून कौतुक केलं आणि त्यातूनच पेपर वाचला नसल्याचं उघड झालं. कौतुकाचा हा धोका असतो. त्यापेक्षा कौतुक नकोच.

मग मी तिला तिचा सीव्ही उघडायला लावला. तिसरं पान. अगदी खाली, "छंद: वाचन, रांगोळी" याच्या वर एक ओळ: "मिनी प्रोजेक्ट: गावातील विहिरींच्या पाणीपातळीचा अभ्यास".

"हे काय आहे?"

"ते काही नाही, ताई. कॉलेजसाठी केलेलं. आमच्या गावातल्या नऊ विहिरी मोजल्या होत्या. मे महिन्याच्या शेवटी आणि परत ऑक्टोबरमध्ये."

"कशा मोजल्या?"

आणि मग ती वीस मिनिटं बोलत होती. टेपच्या टोकाला वजन बांधून सोडायचं. पाण्याला टेकलं की आवाज येतो, तिथे वाचायचं. पहाटेच मोजायचं, कारण मोटार सुरू झाली की पाणी उतरतं आणि मग ती विहिरीची खरी पातळी राहत नाही. दोन विहिरींवर ती पोचली तेव्हा मोटार आधीच चालू होती, म्हणून तिने ते आकडे वापरलेच नाहीत. उरल्या सात.

मला विहिरींतलं काही कळत नाही. पण एवढं कळलं की बासष्ट लोकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. लहानपणापासूनची आवड पहिल्या ओळीत होती आणि पहाटे साडेपाचला टेप घेऊन उभं राहणं तिसऱ्या पानावर रांगोळीच्या वर.

मधली एक संध्याकाळ: पेपर कसा वाचला

मी तिला म्हटलं, आता मॅडमचा पेपर खरंच वाच, पण अख्खा समजून घ्यायचा अट्टहास करू नकोस. एका संध्याकाळी जमेल असं वाच. आधी सगळे तक्ते आणि आकृत्या बघ. मग डेटा कुठून आणला तो भाग वाच. मग शेवटची चर्चा वाच, कारण आपल्या कामाच्या मर्यादा लेखक बहुतेक तिथेच लिहितात. आणि वाचताना एकच प्रश्न डोक्यात ठेव: यांनी काय गृहीत धरलंय, आणि ते माझ्या सात विहिरींना लागू पडतं का?

दुसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन. आवाज वेगळाच.

तिने मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. पावसाळ्यात विहिरीचं पाणी वर येतं. किती मीटर वर आलं ते मोजता येतं. पण खडक म्हणजे रिकामी टाकी नाही. त्याच्या भेगांत आणि छिद्रांतच पाणी मावतं. म्हणून पातळी जेवढी चढली, तिला एका टक्केवारीने गुणतात. त्या टक्केवारीला स्पेसिफिक यील्ड म्हणतात. आपल्याकडच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या बसाल्टसाठी साधारण दोन टक्के धरतात. मॅडमच्या पेपरमध्येही पूर्ण पाणलोट क्षेत्राला दोन टक्केच धरले होते.

आता तिच्या विहिरी. एका विहिरीत मेअखेर पाणी ११.२ मीटर खोल होतं, ऑक्टोबरात ४.६ मीटरवर आलं. म्हणजे ६.६ मीटर चढलं. तिथून दीड किलोमीटरवर दुसरी विहीर. तिथे ९.८ वरून ७.५ वर. म्हणजे फक्त २.३ मीटर. पाऊस तोच, गाव तेच. दोन्हीकडे दोन टक्के धरले, तर एका ठिकाणी १३२ मिलिमीटर पाणी जमिनीत मुरलं असं निघतं आणि दुसऱ्या ठिकाणी ४६.

"ताई, मग एका ठिकाणी खरंच जास्त पाणी मुरलं का? की तिथला खडक कमी पाणी धरतो, म्हणून थोड्या पाण्यानेही पातळी जास्त चढली? पेपरमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे सगळीकडे एकच आकडा आहे."

मी म्हटलं, "हाच तुझा मेल. लिहून काढ."

तिसरा मेल

एक सूचना मात्र मी तिला दिली. तिच्या पहिल्या मसुद्यात होतं, "तुमचं दोन टक्क्यांचं गृहीतक चुकीचं आहे." दोन विहिरींवरून असं म्हणता येत नाही. मॅडमना बहुतेक हे तिच्याहून चांगलं माहीत असणार; मोठ्या क्षेत्रासाठी एक आकडा धरण्यामागे त्यांची कारणंही असतील. म्हणून आरोप नको, प्रश्न ठेव.

आता शेवटचा मेल पूर्ण वाचते.

सब्जेक्ट: "जून-जुलै इंटर्नशिप: जत तालुक्यातल्या ७ विहिरींच्या नोंदी आणि आपल्या पेपरबद्दल एक प्रश्न"

"आदरणीय प्रोफेसर (आणि इथे आडनाव),

मी (कॉलेजचं नाव) इथे सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टसाठी मी जत तालुक्यातल्या माझ्या गावी ९ विहिरींची पाणीपातळी मेअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोजली. दोन ठिकाणी मोटार चालू होती, त्या वगळून ७ विहिरींचा तक्ता सोबत आहे.

आपल्या पेपरमध्ये पूर्ण पाणलोटाला २ टक्के स्पेसिफिक यील्ड धरलं आहे. माझ्याकडच्या दीड किलोमीटर अंतरावरच्या दोन विहिरींची पातळी एकाच पावसाळ्यात ६.६ आणि २.३ मीटर चढली. हा फरक पुनर्भरणाचा आहे की खडकाचा, हे वेगळं कसं काढतात?

१ जून ते १२ जुलै या सहा आठवड्यांत आपल्या गटाकडच्या विहिरींच्या नोंदींवर मला या प्रश्नावर काम करता येईल का? मला एक्सेल आणि क्यूजीआयएस वापरता येतं. पायथन शिकायला नुकतीच सुरुवात केली आहे.

सोबत एक पानी सीव्ही.

आपली,
(नाव, फोन नंबर)"

संपला. मोबाइलवर जवळपास एका स्क्रीनमध्ये बसतो. आणि तो छोटा करायला आम्ही शब्द मोजत बसलो नव्हतो. सांगण्यासारखं काहीतरी मिळाल्यावर आवड, मेहनत, स्वप्न, दहावीचे टक्के हे सगळं आपोआप गळून पडलं.

यातल्या तीन जागांवर थोडं थांबते, कारण तिथे आमचा वाद झाला होता.

पहिली जागा, "दोन ठिकाणी मोटार चालू होती, त्या वगळून". ती म्हणाली, हे कशाला सांगायचं? नऊच सांगू, जास्त वाटतात. मी म्हटलं, ज्याने आयुष्यात विहिरी मोजल्या आहेत, त्याला याच अर्ध्या वाक्यातून कळेल की तुला मोजता येतं. चुकीची नोंद ओळखून बाजूला ठेवता येणं हे तुझ्या कुठल्याही सेमिस्टरच्या गुणांत दिसत नाही.

दुसरी जागा, पायथन. आधीच्या सीव्हीत तिने पायथन आणि मॅटलॅब दोन्हींत "प्रवीण" लिहिलं होतं. प्रत्यक्षात पायथनचे सहा व्हिडिओ बघितले होते, आणि मॅटलॅब एका प्रॅक्टिकलला उघडलं होतं. प्रवीण म्हटलं की पहिल्याच दिवशी तसं काम हातात पडतं आणि दुसऱ्या दिवशी दोघांचीही अडचण होते. "नुकतीच सुरुवात" म्हटलं की समोरचा त्या हिशेबाने काम देतो.

तिसरी जागा, मागणी. "संधी द्यावी" असं नाही, तर तारखा, कालावधी, आणि काय करायचंय. वाचणाऱ्याला याचं उत्तर एका ओळीत देता येतं: हो, नाही, किंवा जूनमध्ये मी नाही, जुलै चालेल का. ज्या मेलचं उत्तर एका ओळीत देता येतं, त्याला उत्तर मिळायची शक्यता वाढते. हे मी मेल वाचणाऱ्याच्या खुर्चीतून सांगतेय. उत्तराला विचार करावा लागेल असे मेल मी "नंतर" म्हणून ठेवते, आणि ते नंतर कधी येत नाही.

पाठवण्याआधी आणि नंतर

पाठवण्याआधी तिने प्रत्येक प्रोफेसरांचं वेबपान शेवटपर्यंत वाचलं. हे नक्की करा. अनेक जण तिथे स्पष्ट लिहितात की इंटर्न घेतो की नाही, कधी लिहायचं, कधीकधी तर सब्जेक्टमध्ये कोणता शब्द टाकायचा तेही. तो शब्द नसेल तर मेल वाचला जात नाही, इतकं साधं आहे. काही संस्था विद्यार्थ्यांना फक्त अधिकृत कार्यक्रमातूनच घेतात. तिथे प्रोफेसर कितीही खूश झाले तरी त्यांना परस्पर हो म्हणता येत नाही. तिच्या पाचांपैकी एकांच्या पानावर "यंदा इंटर्न घेणार नाही" असं होतं. ते नाव काढून दुसरं घेतलं.

प्रत्येकाला वेगळा मेल. विहिरींचा पहिला परिच्छेद तोच, पण दुसरा परिच्छेद त्या-त्या माणसाच्या पेपरवरून. म्हणजे पाच मेलना पाच संध्याकाळी गेल्या. बासष्ट मेल तिने एका दुपारी पाठवले होते.

जोडायच्या फाइल दोनच, दोन्ही पीडीएफ, नावात स्वतःचं नाव. फाइलचं नाव "फायनल न्यू २" असेल, तर डाउनलोड केल्यावर ती कुणाची ते मला कळत नाही. सीव्ही एक पान, आणि विहिरी सगळ्यात वर. रांगोळी गेली.

दहा दिवसांनी उत्तर नसेल, तर त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी लिहायच्या: "आधीच्या मेलची आठवण करून देते आहे. सध्या जागा नसेल तर तसं कळवलंत तरी मदत होईल." एकदाच. त्यानंतर सोडून द्यायचं. फोन करायचा नाही, दुसऱ्या मार्गाने मेसेजही टाकायचा नाही.

मग काय झालं

पाच मेल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेले. दोघांकडून काहीच आलं नाही, आठवण करूनसुद्धा. मेल चांगला असला तरी असं होतं. लोक प्रवासात असतात, त्यांचे विद्यार्थी आधीच ठरलेले असतात. एका सरांनी लिहिलं, जागा नाही, पण विज्ञान अकादमींच्या समर रिसर्च फेलोशिपसाठी पुढच्या वेळी वेळेत अर्ज कर. हा देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून चालवतात तो दोन महिन्यांचा कार्यक्रम. यंदाची मुदत तिची हुकली होती. चौथ्यांनी तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं, वाचायला काय घे ते सांगितलं, आणि इंटर्नशिपबद्दल काहीच लिहिलं नाही.

पाचवं उत्तर त्याच मॅडमचं, ज्यांचा पेपर आधी "नावीन्यपूर्ण" ठरला होता. अकराव्या दिवशी, आठवणीच्या मेलनंतर. एकच ओळ: "पातळी कठड्यावरून मोजली की जमिनीपासून?"

तिने घाबरून मला फोन केला. "ताई, मी सगळीकडे कठड्यावरून मोजली. चुकलं का?"

मग तिनेच बोलता बोलता सोडवलं. पातळी किती चढली हे दोन मोजमापांतल्या फरकावरून येतं. दोन्ही वेळा त्याच जागेवरून मोजलं असेल, तर कठड्याची उंची त्या वजाबाकीत उडून जाते. पण पाणी जमिनीपासून किती खोल आहे हे सांगायचं असेल, किंवा दोन विहिरींची तुलना करायची असेल, तर कठड्याची उंची लागते. तिच्याकडे पाच कठड्यांची उंची लिहिलेली होती. दोन राहिली होती.

मी विचारलं, काय लिहिणार? ती म्हणाली, जे आहे ते. त्या रात्री तिने लिहिलं: "सगळ्या नोंदी कठड्यावरून, दोन्ही वेळा त्याच खुणेवरून. पाच कठड्यांची उंची तक्त्यात जोडते आहे. दोन मोजायची राहिली, रविवारी गावी जाऊन मोजते." आणि रविवारी ती खरंच गेली. सोमवारी सकाळी दोन आकडे पाठवले.

मंगळवारी मॅडमनी पंधरा मिनिटांच्या फोनची वेळ दिली. त्या फोनमध्ये एकही प्रश्न गुणांबद्दल नव्हता. सगळे विहिरींबद्दल. शेवटी ठरलं ते असं: १ जूनपासून सहा आठवडे, मानधन नाही, हॉस्टेलचे पैसे स्वतः भरायचे, आणि तोपर्यंत पायथनमध्ये तक्ता वाचून आलेख काढण्याइतकं शिकून यायचं.

सर्टिफिकेटवाल्या इंटर्नशिपचे सात हजार पप्पांनी भरले नव्हते. ते आता हॉस्टेलला जातील. पप्पांचं म्हणणं अजूनही आहे की फुकट काम करायला एवढ्या लांब कशाला जायचं. त्यावर तिच्याकडे अजून तरी उत्तर नाही.

तुमच्याकडे विहीर नसेल तर

मागच्या वेळी हे एका मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तिच्याकडे विहिरी होत्या, माझ्याकडे काय आहे? तो कॉम्प्युटरवाला. मी त्याला म्हटलं, तुला ज्या लॅबमध्ये जायचंय त्यांनी त्यांचा कोड लोकांसाठी खुला ठेवलाय का बघ. ठेवला असेल, तर तो तुझ्या लॅपटॉपवर चालव. बहुतेक कुठेतरी अडेल. कुठे अडला, तू काय करून बघितलंस, आणि मग त्यांच्या तक्त्यातला एखादा आकडा तुला तसाच मिळाला की वेगळा, हे लिही. वेगळा मिळाला असेल तर आधी स्वतःची चूक तपास, आणि मग विचार. ही त्याची विहीर.

बायोलॉजीवाले, केमिस्ट्रीवाले, तुमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत एखादं असं रीडिंग असेल, जे अपेक्षेपेक्षा वेगळं आलं आणि तुम्ही ते "एरर" म्हणून सोडून दिलं. तिथे परत जाऊन बघा. आणि काहीच सापडलं नाही, तर मेल आज पाठवू नका. आधी एखादी छोटी गोष्ट स्वतः मोजा किंवा चालवून बघा, आणि मग लिहा. दोन आठवडे उशीर झालेला चालतो.

तुमचा मेल आता उघडा आणि शीर्षकवाली चाचणी लावा. प्रत्येक वाक्य. चाचणीनंतर काय उरतं ते मला कळवा. पुढच्या भागात त्यातले दोन मेल घेऊ, अर्थात नावं काढून. भेटू या.